शेऱ्याचा रकाना

नारायण पेठेतल्या त्या वधूवर सूचक मंडळात मी साडेतीन वर्षं काम केलं. मंडळ म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची दीड खोली. पुढच्या खोलीत चार खुर्च्या, एक लोखंडी कपाट, एक कॉम्प्युटर. मागच्या अर्ध्या खोलीत प्रिंटर, पाण्याचा माठ आणि जुन्या नोंदवह्या. मंडळ चालवणाऱ्या बाईंना सगळे काकू म्हणत, मीही म्हणायचे. त्या मला पहिल्या दिवसापासून ‘तुम्ही’ म्हणत, मी त्यांच्यापेक्षा तीस वर्षांनी लहान असूनही. आम्ही यवतमाळकडचे. नवऱ्याला हडपसरच्या कारखान्यात काम लागलं म्हणून पुण्यात आलो आणि मांजरीत नव्या बिल्डिंगमध्ये भाड्याने राहिलो. आमच्याकडे कामावर ठेवलेल्या बाईला कोणी ‘तुम्ही’ म्हणत नाही. सुरुवातीला मला वाटायचं, या माझ्यावर रागावल्या आहेत. नंतर कळलं, त्या रागावल्या की बोलतच नाहीत.

काम अवघड नव्हतं. आलेल्या माणसाकडून फॉर्म भरून घ्यायचा आणि ती माहिती कॉम्प्युटरमधल्या यादीत चढवायची. सगळी नोंदणी एकाच एक्सेल फाइलमध्ये होती. वर वधू, खाली वर, मिळून दोनशे दहाच्या आसपास ओळी. रकाने अकरा: नोंदणी क्रमांक, जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मगाव, रास, उंची, शिक्षण, नोकरी, गोत्र किंवा देवक, अपेक्षा आणि शेवटी शेरा. नाव आणि फोन यादीत नसे. ते वेगळ्या वहीत, काकूंच्या कपाटात. यादीचे कागद दर शनिवारी दुपारी नोंदणी केलेल्या पालकांना द्यायचे. त्यांनी क्रमांकांवर खुणा करायच्या, मग काकू दोन्ही घरांना फोन करायच्या.

यादी छापण्याची काकूंची पद्धत मी पहिल्या शनिवारी पाहिली आणि गप्प बसले. छापायला दिलं की दहा पानं यायची. पहिल्या पाच पानांवर क्रमांकापासून देवकापर्यंतचे नऊ रकाने. पुढच्या पाच पानांवर अपेक्षा आणि शेरा, बाकी पान कोरं. कागदावर जेवढे रकाने मावतात तेवढे आधी वरपासून खालपर्यंत छापायचे आणि उरलेले मागाहून, अशी त्या प्रोग्रॅमची रीत. म्हणजे मुलीचं शिक्षण पहिल्या पानावर आणि तिची अपेक्षा सहाव्या पानावर. काकू ती मागची पाच पानं घेऊन बसायच्या, कात्रीने अपेक्षांची पट्टी कापायच्या, पहिल्या पानांच्या उजव्या बाजूला डिंकाने चिकटवायच्या. ओळीला ओळ जुळली पाहिजे, म्हणून फूटपट्टी धरायच्या. मग ते लांबोडकं पान घेऊन मी खाली झेरॉक्सच्या दुकानात जायचे आणि तो माणूस ते लहान करून चाळीस प्रती काढून द्यायचा. या उद्योगात शनिवारची सकाळ जायची. उरलेली शेऱ्याची पट्टी काकू उभी-आडवी फाडून मागच्या खोलीतल्या डब्यात टाकायच्या. ते मी पाहिलं होतं. मला वाटलं, पट्टी रुंद होते, चिकटवायला जागा नाही, म्हणून टाकतात.

यवतमाळला मी तालुक्याच्या कचेरीत दोन वर्षं डेटा एंट्रीचं काम केलं होतं. तिथे प्रत्येक तक्त्याचा शेवटचा रकाना ‘शेरा’ असायचा आणि तो बहुतेक रिकामा असायचा, नाहीतर त्यात ‘निरंक’ लिहिलेलं असायचं. त्यामुळे इथल्या शेऱ्यात काय आहे हे मी कधी नीट वाचलं नव्हतं. नवी नोंद मी चढवायचे ती अपेक्षेपर्यंत. शेरा काकू मागाहून स्वतः, एका बोटाने, टाइप करायच्या. त्यालाही मी त्यांची हौस समजत होते.

माझ्या पहिल्याच वर्षी दिवाळी झाल्यावर काकूंच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आठवडाभर वाचायचं नाही, कॉम्प्युटर तर बघायचाही नाही, असं सांगितलं. काकूंनी फोनवर मला विचारलं, “शनिवारची यादी जमेल ना तुम्हाला?”

“जमेल,” मी म्हटलं.

“कात्री वरच्या ड्रॉवरमध्ये आहे.”

मला कात्री लागणार नव्हती. मांजरीहून बस मगरपट्ट्याच्या सिग्नलला थांबते तेवढ्या वेळात मी मोबाइलवर एक लहानसा व्हिडिओ पाहिला होता. व्ह्यूमध्ये जायचं, पेज ब्रेक प्रिव्ह्यू उघडायचा. यादी लहान होऊन दिसते आणि पानं कुठे तुटतात तिथे निळ्या तुटक रेघा येतात. आमच्या यादीत उभी रेघ बरोब्बर देवक आणि अपेक्षा यांच्या मधे होती. ती माउसने धरायची आणि उजवीकडे ओढायची. मी ती थेट शेवटापर्यंत, शेऱ्याच्या पलीकडच्या जाड निळ्या कडेला नेऊन टेकवली. तुटक रेघ नाहीशी झाली. अकराच्या अकरा रकाने एका पानात आले. प्रोग्रॅमने आपण होऊनच अक्षर लहान केलं होतं, अठ्ठावन्न टक्क्यांवर. दहाची तीन पानं झाली. प्रिंटरमधून निघालेलं पहिलं पान हातात घेऊन मी पंख्याखाली उभी राहिले. मला फार बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू? सव्वादहाला माझं काम संपलं होतं. अक्षर बारीक होतं, पण ओळ सरळ होती आणि डिंकाचा वास नव्हता. खाली जाऊन चाळीस प्रती काढल्या. दुपारी चार ते सहाच्या दरम्यान लोक आले आणि कागद घेऊन गेले. दोघातिघांनी म्हटलं, “या वेळी छान केलंय. पण भिंग लागेल.”

सोमवारी अकराच्या सुमारास मांजरीचे एक गृहस्थ आले. त्यांना मी ओळखत होते. आमची बिल्डिंग जिथे आहे तिथे पूर्वी त्यांच्या भावकीचा ऊस होता. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पायात चपला. मुलीची नोंदणी करून त्यांना वर्ष झालं होतं. दर महिन्याला येऊन विचारायचे, “काय हाय का नवीन?” आणि काकू सांगायच्या, “शोधते आहे.” शहरातलं, शिकलेलं स्थळ हवं म्हणून ते गावातले दोन मध्यस्थ सोडून इथे आले होते.

ऑपरेशननंतर काकू त्या दिवशी पहिल्यांदाच आल्या होत्या, काळा चष्मा लावून. गृहस्थ बसले नाहीत. खिशातून कागद काढला, चार घड्या उलगडल्या आणि टेबलावर ठेवला. एका ओळीखाली पेनाने रेघ मारली होती.

“बाई, हे काय हाय?”

काकूंना वाचता येत नव्हतं. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. “वाचा.”

मी वाचू लागले. क्रमांक, जन्मतारीख, उंची पाच फूट तीन, एम.एस्सी., संशोधन सहायक. अपेक्षेत लिहिलं होतं, ‘निर्व्यसनी, पुण्यातच राहणारा.’ मग शेवटचा रकाना. मी थांबले.

“वाचा की,” गृहस्थ म्हणाले.

मी वाचलं, “‘दोन वर्षे स्थळ पाठवू नये. मुलीने स्वतः येऊन सांगितले आहे. पीएच.डी. करायची आहे. घरी बोलू नये.’”

काकूंनी काळा चष्मा काढला, पुन्हा घातला. मागच्या खोलीतल्या प्रिंटरचा आवाज आला. तो अधूनमधून उगाच आवाज करत असे.

“हे लोकांच्या हातात गेलं?” काकूंनी मला विचारलं.

“हो. चाळीस जणांच्या.”

“सगळे शेरे?”

“सगळे.”

त्या माझ्याशी पुढे काही बोलल्या नाहीत. गृहस्थांकडे वळल्या. “चूक झाली. हे छापायचं नव्हतं. मी तुमची क्षमा मागते.”

“छापायचं नव्हतं का लिव्हायचं नव्हतं?”

“लिहायचं होतं. मुलगी म्हणाली म्हणून लिहिलं. छापायचं नव्हतं.”

“म्हंजी वर्षभर मी येतुय, चपला झिजवतुय, आन् तुम्ही मला शोधते शोधते म्हणून सांगताय. शोधत नव्हतात तुम्ही.”

“नव्हते.”

“खोटं बोलत होता.”

“हो,” काकू म्हणाल्या. “तुमच्याशी.”

त्यांना हे उत्तर अपेक्षित नसावं. मला वाटलं, आता आवाज चढेल. तो चढला नाही. म्हणाले, “भावकीतल्या तिघांकडं हा कागद हाय. काल संध्याकाळी एकानं जन्मतारीख-देवकावरनं वळखून घरी आणून दावला. मी चष्मा लावून बघूस्तोवर सगळ्यांनी वाचला हुता.” कागदाची पुन्हा चार घड्यांत घडी करून त्यांनी खिशात ठेवली आणि जिना उतरून गेले.

काकूंनी मला यादी कॉम्प्युटरवर उघडायला सांगितली. “शेरा वाचून दाखवा. सगळा. वरपासून.”

तासभर मी वाचत होते. मला भीती होती की त्यात माणसांना नावं ठेवलेली असतील. काही ठिकाणी होतीही. ‘बोलतो फार.’ ‘आई आधी बसते, मुलगा नंतर.’ ‘उंची फॉर्ममध्ये दोन इंच जास्त.’ पण बाकीचं निराळंच होतं. ‘उजव्या कानाने कमी ऐकू येते, डावीकडे बसावे.’ ‘पहिल्या लग्नाबद्दल आईसमोर विचारू नये.’ ‘वडिलांची नोकरी गेली आहे, फॉर्ममध्ये जुनी लिहिली. चालेल.’ ‘फोन दुपारी करावा, तेव्हा एकटी असते.’ ‘मुलाला लग्न नको. आईला सांगण्याची हिंमत नाही. वाट पाहणे.’ ‘हसली की दात दिसतात म्हणून तोंडावर हात ठेवते. सुरेख हसते.’ लोक फॉर्ममध्ये जे लिहीत नव्हते आणि खुर्चीत बसल्यावर सांगत होते, ते सगळं तिथे होतं. वाचताना माझा आवाज हळूहळू लहान होत गेला. काकू मधेच म्हणायच्या, “जरा मोठ्याने.”

वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, “अहो, तुम्ही माझी कात्री वाचवायला गेलात.” एवढंच. मी रडले असते तर बरं झालं असतं, पण रडू आलं नाही. मला स्वतःचा राग येत होता आणि थोडासा त्यांचाही. हे मला आधी का सांगितलं नाही? विचारलं तसं. त्या म्हणाल्या, “बरोबर आहे. सांगायला हवं होतं. मला वाटलं, डब्यात टाकते ते तुम्ही पाहता.”

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी आम्ही फोन केले. वाक्य काकूंनी ठरवून दिलं: “यादीत छपाईची चूक आहे, कृपया परत आणून द्या, नवीन देतो.” चाळीसपैकी सत्तावीस परत आल्या. ज्यांनी आणून दिल्या त्यातल्या निम्म्यांनी वाचलेल्या होत्या, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. एका मुलाची आई, मुलाला बरोबर घेऊन आलेली, टेबलापाशी उभी राहून म्हणाली, “‘आई आधी बसते’ म्हणजे काय?”

काकूंनी विचारलं, “तुम्ही आता बसणार का?”

ती बाई मुलाकडे बघून बसली, मग उठली. तिचा मुलगा त्या दिवशी पहिल्यांदा हसलेला मी पाहिला. तिघांनी नोंदणी काढून घेतली. एकाने, ‘बोलतो फार’ लिहिलेल्याने, वीस मिनिटं उभं राहून ते कसं चूक आहे हे सांगितलं. ‘सुरेख हसते’वाली मुलगी आली नाही, तिचा भाऊ कागद देऊन गेला. घडीवरून कळलं नाही की घरी तो कोणी कोणी उघडला.

बुधवारी ती आली, मांजरीच्या गृहस्थांची मुलगी. मी तिला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, कारण ती पहिल्यांदा आली तेव्हा मी कामाला लागले नव्हते. पाठीला सॅक, केस घट्ट बांधलेले. उसाच्या रोपांवर काम करते, एवढं फॉर्मवरून माहीत होतं. काकू डॉक्टरकडे गेल्या होत्या. मी एकटीच होते.

“यादी कोणी छापली?” तिने विचारलं.

“मी.”

तिने सॅक खाली ठेवली. मग म्हणाली, “ताई, माझ्या घरी तीन दिवस कोणी माझ्याशी बोललेलं नाही. आई ताट वाढते आणि आत जाते. वडील अंगणात जेवतात. मी हे सांगणारच होते, थीसिसचा विषय मंजूर झाल्यावर. अजून पाच महिने होते. माझं वाक्य मी तयार केलेलं होतं.”

मी म्हटलं, “चुकलं माझं.”

“कसं छापलंत ते दाखवा.”

हे ऐकून मी गोंधळले. पण ती खुर्ची ओढून कॉम्प्युटरपुढे बसलीसुद्धा. मी फाइल उघडली, पेज ब्रेक प्रिव्ह्यू दाखवला, रेघ कुठून कुठे ओढली ते सांगितलं. ती लॅबमध्ये रोज असल्या तक्त्यांवर काम करत असणार, कारण तिला सगळं एका नजरेत कळलं.

“तुम्ही रेघ ओढलीत,” ती म्हणाली. “पण काय छापायचं आणि काय नाही, ते ठरवलंच नाही. तुम्ही सांगितलं नाही तर हे जेवढं लिहिलेलं आहे तेवढं सगळं छापतं. प्रिंट एरिया सेट केला होता का?”

“नाही. मला ते माहीत नाही.”

“करून दाखवते. मला शेरे वाचायचे नाहीत.” आणि खरंच, तिने डाव्या हाताचा तळवा स्क्रीनच्या उजव्या कडेवर धरला. शेऱ्याचा रकाना झाकून ती काम करत होती. आधी माझं अठ्ठावन्न टक्के काढून परत शंभर केलं. मग क्रमांकाच्या पहिल्या घरापासून अपेक्षेच्या शेवटच्या घरापर्यंत निवडलं आणि पेज लेआउटमधून प्रिंट एरिया सेट केला. तळवा काढला. शेऱ्याचा रकाना राखाडी झाला होता. तो होता, वाचता येत होता, पण पांढऱ्या कागदाच्या बाहेर होता.

“आता हा छापला जाणार नाही?”

“नाही. फाइल सेव्ह केली की हे लक्षात राहतं. पण अपेक्षा अजून दुसऱ्या पानावर जातेय, बघा.” तुटक रेघ परत देवक आणि अपेक्षेच्या मधे आली होती. “ही ओढली तर अक्षर पुन्हा बारीक होईल. शेरा नाही, म्हणून त्र्याहत्तर टक्क्यांपर्यंतच होईल, पण कशाला? पान आडवं करा.” तिने पान आडवं केलं. उभी रेघ आपोआप नाहीशी झाली. दहा रकाने, पूर्ण मोठं अक्षर, एका पानाच्या रुंदीत. पानांची संख्या मात्र सात झाली.

“सात पानं,” मी म्हटलं. काकूंना कागद वाया गेलेला आवडत नसे.

“वाचता येतील,” ती म्हणाली.

मग तिने आडव्या रेघा पाहिल्या. एक तुटक रेघ वरांची यादी सुरू होते तिच्या चार ओळी खाली पडत होती, म्हणजे चार मुलगे वधूंच्या पानावर आले असते. तिने ती रेघ धरून चार ओळी वर नेली. रेघ तुटकची सलग झाली. वरांची यादी नव्या पानावरून सुरू झाली. वरची रकान्यांच्या नावांची ओळ प्रत्येक पानावर यावी, हेही तिने प्रिंट टायटल्समध्ये करून दिलं. उठताना म्हणाली, “एक लक्षात ठेवा. शेवटच्या ओळीखाली नवीन मुलगा टाकलात तर तो या एरियाच्या बाहेर राहील. छापलाच जाणार नाही. त्याच्यासाठी मधे ओळ घाला, नाहीतर एरिया पुन्हा सेट करा.”

“तुम्ही हे का केलंत?” मी विचारलं.

“मी तीन दिवस कोणाशी बोलले नाही. काहीतरी काम हवं होतं.” तिने पाणी मागितलं. मी माठातलं दिलं. पिऊन तिने पेला विसळून ठेवला आणि गेली.

काकू आल्यावर मी सगळं सांगितलं. त्यांनी एक डोळा मिटून राखाडी रकान्याकडे बघितलं. “शेरा काढून वहीत लिहावा का?” मी विचारलं. त्यांनी विचार केला. म्हणाल्या, “वही कपाटात जाते. फोन करताना माणूस समोर नसतो, ओळ समोर असते. ओळीतच हवं.” मग थोड्या वेळाने, “पण छापण्याआधी प्रिव्ह्यू मला दाखवायचा. दर शनिवारी.” तो मी काम सोडेपर्यंत दाखवला. पहिल्याच शनिवारी त्यांनी विचारलं, “परवा आलेला तो कोथरूडचा इंजिनीअर कुठे आहे?” तो शेवटच्या ओळीखाली होता, राखाडीत. सांगितलेलं असूनही मी विसरले होते.

त्या मुलीच्या घरी काय चाललंय हे मला कळण्याचा एकच मार्ग होता, मांजरीची बस. एक-दोनदा ती दिसली. पहिल्या वेळी मान हलवली. दुसऱ्या वेळी शेजारी बसली आणि म्हणाली, “वडील आता घरात जेवतात.” पुढे आम्ही उसाच्या लालकुज रोगाबद्दल बोललो; म्हणजे ती बोलली आणि मी ऐकलं.

फेब्रुवारीत तिचे वडील पुन्हा मंडळात आले. या वेळी बसले. म्हणाले, “नाव काढून टाका तिचं.”

काकूंनी मला खूण केली. मी तिची ओळ उघडली. गृहस्थ माझ्यामागे येऊन उभे राहिले. “मला बघू द्या.” मी ओळ निवडली आणि काढली. खालच्या सगळ्या ओळी एकेक वर सरकल्या. त्यांनी विचारलं, “गेलं?”

“गेलं.”

“छापंल का कुठं?”

“नाही.”

ते पुन्हा खुर्चीत बसले. खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या दुकानात कोणीतरी पिशव्या लटकवत होतं. मग काकूंना म्हणाले, “ती हितं आली तवा एकटी आली हुती?”

“एकटी.”

“कुठं बसली हुती?”

काकूंनी ते बसले होते त्याच्या शेजारची खुर्ची दाखवली.

“काय म्हणली?”

“तेच, जे तुम्ही वाचलंत. आणि म्हणाली, वडिलांना वाईट वाटेल, म्हणून मला आत्ता सांगता येत नाही.”

“हे न्हाई लिव्हलं तुम्ही.”

“सगळं लिहीत नाही,” काकू म्हणाल्या.

गृहस्थांनी मान हलवली. कपाटावर ठेवलेली जुनी फाइल सरळ करावी तशी त्यांनी शेजारची खुर्ची टेबलाला समांतर केली. उठले, मला म्हणाले, “ताई, तुमच्या बिल्डिंगीत पाणी येतं का वेळंवर?” मी म्हटलं, सकाळी येतं. “मग ठीक हाय,” म्हणाले आणि जिना उतरले. काकूंनी पुढच्या माणसाला आत बोलावलं. एक मुलगी होती, आईबरोबर आलेली. आईने फॉर्म भरायला घेतला. मुलगी माठाकडे बघत होती, म्हणून मी तिला विचारलं, पाणी हवंय का, आणि तिला एकटीला मागच्या खोलीत घेऊन गेले.